आईने पाठवलेल्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी: होस्टेलवर आजारी पडल्यावर जुळवणी कशी करायची

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. मी फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि सदाशिव पेठेतल्या एका होस्टेलवर राहत होतो. शेजारच्या खोलीत बार्शीचा एक मुलगा होता, पहिल्याच वर्षाचा. शुक्रवारी फोनवर बोलताना तो दोनदा शिंकला. तेवढ्यावर आईने शनिवारी सकाळी पोस्ट गाठून स्पीड पोस्ट केलं. सोमवारी त्याला खरंच ताप भरला. मंगळवारी संध्याकाळी तो डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन आला, तर खोलीच्या दारात पार्सल येऊन पडलेलं. चिवड्याच्या पिशवीखाली रबर लावलेल्या सहा स्ट्रिप्स आणि ओआरएसच्या पुड्या होत्या.

ताप १०२, बाहेर पावसाची रिपरिप आणि मेडिकलपर्यंत चालायची ताकद नाही. "दादा, आईने सगळं पाठवलंय, यातलंच घेतो की," असं तो म्हणाला. त्या रात्री आम्ही दोघांनी त्या गोळ्या चिठ्ठीशी एकेक करून ताडून पाहिल्या. नव्याने घराबाहेर राहायला आलेल्यांना ही पद्धत उपयोगी पडेल, म्हणून जशी केली तशीच लिहितो.

आधी पोटात काय गेलंय ते लिहा

चिठ्ठी उघडायच्या आधी मी त्याला विचारलं, आज दिवसभरात काय काय घेतलंस? तो आधी "काहीच नाही" म्हणाला. मग आठवलं, पाच वाजता समोरच्या खोलीतल्याने 'तापाची एक गोळी' दिली होती. तिची रिकामी स्ट्रिप मागवून पाहिली, तर पॅरासिटामॉल ५००. घड्याळात तेव्हा नऊ वाजले होते. ती गोळी अजून अंगात होती, म्हणून पुढचा डोस अकराच्या आधी घ्यायचा नाही, असं वहीच्या पहिल्या ओळीत लिहिलं. मित्राने दिलेली गोळी, मेसमधल्या काकांनी दिलेली गोळी, सकाळी प्यायलेला काढा हे सगळं आधी लिहायचं. जुळवणी चुकते ती बहुतेक वेळा याच न मोजलेल्या गोळीमुळे.

दुसरं म्हणजे हे काम तापाच्या भरात एकट्याने करू नका. १०२ ताप असताना डोळ्यांपुढे अक्षरं नाचतात आणि माणूस ओळखीचा शब्द दिसला की थांबतो, पुढचं वाचत नाही. एकाने वाचायचं, दुसऱ्याने लिहायचं. ट्यूबलाइट पुरत नाही, मोबाइलची बॅटरी लावा. चंदेरी कागदावरची अक्षरं प्रकाश तिरका पाडला तरच दिसतात.

चिठ्ठी आपल्या अक्षरात उतरवून घ्या

डॉक्टरांच्या चिठ्ठीत चार ओळी होत्या. आम्ही वहीत उतरवल्या त्या अशा:

पॅरासिटामॉल ६५०, ताप असेल तर एक गोळी, दिवसात जास्तीत जास्त तीन.
लेवोसेटिरिझिन ५, रात्री एक, पाच दिवस.
पॅन्टोप्राझोल ४०, सकाळी उपाशीपोटी एक, पाच दिवस.
ओआरएस, दिवसभरात एक लिटर.

चिठ्ठीवर हे असं स्पष्ट लिहिलेलं नसतं. 'टॅब' म्हणजे गोळी, 'कॅप' म्हणजे कॅप्सूल. १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. 'ओडी' म्हणजे दिवसातून एकदा, 'बीडी' दोनदा, 'टीडीएस' तीनदा, 'एचएस' झोपताना. 'एसओएस' लिहिलं असेल तर गरज पडली तरच. हा शेवटचा शब्द नवख्या मुलांना माहीत नसतो आणि ती ताप नसतानाही वेळ झाली म्हणून गोळी घेत राहतात.

चार ओळींच्या खाली तिरकं काहीतरी खरडलेलं होतं. त्याला वाटलं ती डॉक्टरांची सही असावी. मला 'एनएसएआयडी' एवढंच लागलं, त्याच्या आधीचा शब्द लागेना. अशा वेळी अंदाज करायचा नाही. चिठ्ठीच्या माथ्यावर दवाखान्याचा नंबर असतो. आम्ही सव्वानऊला फोन लावला. कंपाउंडरनी डॉक्टरांना विचारून सांगितलं, "ब्रुफेन, डायक्लो वगैरे अंगदुखीच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत असं लिहिलंय. ताप उद्याही राहिला तर रक्त तपासायला या, डेंग्यू बघायचाय." त्या रात्रीचा सगळ्यात महत्त्वाचा मजकूर त्या न लागलेल्या ओळीतच होता.

स्ट्रिपवर कुठे काय वाचायचं

स्ट्रिपवरचं मोठं, रंगीत नाव हे कंपनीने ठेवलेलं नाव असतं. चिठ्ठीशी जुळवायचं ते त्याच्या जवळ छापलेलं औषधाचं मूळ नाव आणि त्याच्यापुढची पॉवर. क्रोसिन आणि डोलो ही नावं वेगळी आहेत, पण दोन्हींत पॅरासिटामॉलच असतं. ज्याला हे माहीत नाही तो 'तापाला एक आणि अंगदुखीला एक' म्हणून दोन्ही घेईल. उलटही होतं. एकाच नावाच्या पुढे 'प्लस', 'कोल्ड', 'डी', 'एसआर' अशी शेपटी लागली की आतलं औषध बदलतं.

मागच्या बाजूला 'प्रत्येक गोळीत' अशा अर्थाची इंग्रजी ओळ असते आणि तिच्याखाली घटकांची यादी. ही यादी शेवटपर्यंत वाचायची. पहिलं नाव जुळलं म्हणून थांबायचं नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या बऱ्याच औषधांवर डाव्या कडेला उभी लाल रेघ असते, तीही पाहून ठेवा.

मुदतीची तारीख महिना आणि वर्ष अशी असते आणि औषध त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत वापरायचं असा तिचा अर्थ. ती अनेकदा रंगाने छापलेली नसते, स्ट्रिपच्या एका टोकाला नुसती ठोकलेली असते. ते टोक कापून गेलं की तारीखही गेली.

आता एकेक स्ट्रिप

आम्ही पलंगावर टॉवेल पसरला आणि तीन जागा ठरवल्या: घ्यायच्या, विचारायच्या, बाजूला ठेवायच्या. प्रत्येक स्ट्रिपला चार प्रश्न. नाव जुळतं का? पॉवर जुळते का? सोबत आणखी कोणतं औषध आहे का? मुदत दिसते का? चारही उत्तरं बरोबर आली तरच पहिली जागा.

पहिली स्ट्रिप पॅरासिटामॉलची, दहापैकी आठ शिल्लक. नाव जुळलं, दुसरं काही मिसळलेलं नाही, मुदत पुढच्या मार्चपर्यंत. पण पॉवर ५००, आणि चिठ्ठीत ६५०. तो म्हणाला, "सव्वा घेतली की झालं." सव्वा गोळी हाताने तोडता येत नाही, आणि दीड घेतली तर ७५० होतात. पॉवर जुळत नसेल तर गणित आपण करायचं नाही, विचारायचं. फोन चालू होताच, त्यावरच विचारलं. डॉक्टरांनी त्याचं वजन विचारलं, ५२ किलो, आणि सांगितलं की ५०० ची एक चालेल, अर्धी वाढवू नकोस, दोन गोळ्यांत सहा तास ठेव. मग ती 'विचारायच्या'मधून 'घ्यायच्या'मध्ये गेली.

दुसरी 'सर्दीची गोळी'. त्याच्या घरी तिला याच नावाने ओळखतात. मागे तीन नावं निघाली: पॅरासिटामॉल ५००, फेनिलएफ्रिन १०, क्लोरफेनिरामिन मॅलिएट २. म्हणजे तापाचं औषध यातही आहेच. क्लोरफेनिरामिन हे लेवोसेटिरिझिनच्याच कामाचं, ॲलर्जी आणि वाहत्या नाकावरचं, आणि झोप आणणारं. चिठ्ठीतल्या दोन औषधांची ही दुसऱ्यांदा भर. बाजूला.

तिसरी कापलेली स्ट्रिप, चार गोळ्या. 'सेटिरिझिन १०' एवढं दिसत होतं. तो लगेच म्हणाला, "हीच ती, दादा." हीच ती नव्हे. चिठ्ठीत लेवोसेटिरिझिन ५ आहे. दोन्ही एकाच घरातली खरी, पण वेगळी औषधं आहेत, म्हणून तर त्यांची पॉवरही वेगळी असते. डॉक्टरांनी एकाऐवजी दुसरी चालेल असं सांगितलं असतं तरी या स्ट्रिपचं तारखेचं टोक कापलेलं होतं. तारीख नाही तर गोळी नाही, हा नियम मी कुणासाठीही मोडत नाही. बाजूला.

चौथीने त्याला सगळ्यात जास्त फसवलं असतं. कॅप्सूलची स्ट्रिप, नाव 'पॅन्टो'ने सुरू होणारं, पॉवर ४०, मुदत व्यवस्थित. चिठ्ठीतही पॅन्टोप्राझोल ४०. पण मागे दुसरी ओळ होती: डोम्पेरिडोन ३०, आणि ते हळूहळू सुटणाऱ्या रूपात. ही त्याच्या बाबांची ॲसिडिटीची कॅप्सूल. डोम्पेरिडोन हे मळमळ आणि पोट फुगण्यावरचं औषध आहे. काही लोकांत आणि काही औषधांसोबत ते हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतं, त्यामुळे गरज नसताना ते पोटात जायला नको. कॅप्सूल उघडून निम्मं औषध घेऊ का, असंही त्याने विचारलं. हळूहळू सुटणारं औषध फोडलं, चावलं किंवा कुटलं की ते एकदम सुटतं, म्हणून तसं कधीच करू नका. बाजूला.

पाचवी ॲझिथ्रोमायसिन ५००, तीनपैकी दोन शिल्लक. डाव्या कडेला लाल रेघ. चिठ्ठीत या नावाचं काहीच नाही, त्यामुळे इथे पाच सेकंदांच्या वर वेळ घालवला नाही. हे प्रतिजैविक आहे, जंतूंवर चालतं, विषाणूच्या तापावर नाही. आणि दोन उरलेल्या गोळ्यांनी कोणताच कोर्स पुरा होत नाही.

सहावी अंगदुखीची. आयब्युप्रोफेन ४००, पॅरासिटामॉल ३२५. चिठ्ठीतली न लागलेली ओळ हिच्याचबद्दल होती. पावसाळ्यात पुण्यात ताप आला की डॉक्टर डेंग्यूची शंका मनात धरूनच औषध देतात. डेंग्यूत रक्तातल्या प्लेटलेट कमी होतात आणि रक्तस्राव होण्याचा धोका असतो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन ही औषधं प्लेटलेटच्या कामात अडथळा आणतात, जठराच्या अस्तरालाही त्रास देतात. म्हणजे धोका दोन्हीकडून वाढतो. तपासणी होऊन डेंग्यू नाही हे कळेपर्यंत यांना हात लावायचा नाही. अंग दुखतंय त्यालाही पॅरासिटामॉलच. ही स्ट्रिप मी बाजूला ठेवली नाही, सरळ माझ्या खोलीत नेऊन ठेवली. रात्री दोन वाजता अंग ठणकायला लागल्यावर हात कुठे जाईल ते सांगता येत नाही.

राहिल्या ओआरएसच्या पुड्या. त्या जुळल्या, पण पुडीवर एक गोष्ट वाचायचीच: किती पाण्यासाठी. मोठी पुडी साधारण २१ ग्रॅमची, एक लिटरसाठी. छोटी चार ग्रॅमच्या आसपास, २०० मिलीलिटरसाठी, म्हणजे एक पेला. मोठी पुडी पेल्यात टाकली तर पाणी फार खारट आणि गोड होतं, त्याने उलटी किंवा जुलाब वाढू शकतात. आईने मोठ्या पाठवल्या होत्या. बाटलीवर एक लिटरची खूण शोधली, उकळून गार केलेल्या पाण्यात एक पुडी पूर्ण टाकली. हे पाणी २४ तासांत संपवायचं, उरलेलं फेकायचं.

दुहेरी मोजणी

सगळं झाल्यावर मी वहीत एक बेरीज केली, त्याला दाखवण्यासाठी. समजा त्याने जुळवणी केलीच नसती. ताप म्हणून पहिली, सर्दी म्हणून दुसरी, अंगदुखी म्हणून सहावी, दिवसातून तीनदा. ५०० अधिक ५०० अधिक ३२५, एका वेळी १३२५. तीन वेळा म्हणजे ३९७५ मि.ग्रॅ. निरोगी, मोठ्या माणसासाठी दिवसाची वरची मर्यादा ४००० धरतात. त्यात मित्राची पाच वाजताची ५०० मिळवली की मर्यादा ओलांडलीच. आणि तो तर दोन दिवस नीट जेवला नव्हता. उपाशी, अशक्त शरीरात, दारू पिणाऱ्यांत किंवा ज्यांना काविळीसारखा यकृताचा त्रास आहे त्यांच्यात याहून कमी डोसही यकृताला जड जातो. डोस जास्त झाल्याचं पहिल्या दिवशी फारसं कळत नाही. मळमळ, भूक नसणं एवढंच, आणि ते तर तापातही असतं. म्हणूनच हे लक्षणांवरून ओळखायची वाट बघू नका, आधी कागदावर बेरीज करा. चुकून जास्त गेलंच असेल तर बरं वाटत असलं तरी लगेच दवाखाना गाठायचा.

तुमच्या हातात कितीही स्ट्रिप्स असल्या तरी ही बेरीज अशीच करायची. प्रत्येक स्ट्रिपच्या मागचे सगळे घटक एकाखाली एक लिहा आणि एकच नाव दोनदा आलं की त्याखाली रेघ मारा.

आईला फोन

काकूंना फोन लावला तेव्हा त्या जाग्याच होत्या. त्यांच्याकडून दोन गोष्टी हव्या होत्या. पहिली, याला लहानपणी कोणत्या औषधाने पुरळ, सूज किंवा दम लागणं असं काही झालं होतं का. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा त्याने नाही म्हणून सांगितलं होतं, पण आठ वर्षांचा असतानाचं त्याला कुठून आठवणार? काकूंनी विचार करून सांगितलं, काही नाही. दुसरी, गोळ्या कुठे ठेवल्या होत्या. "फ्रीजवरच्या डब्यात, बाळा. तारखा मी बघितल्या होत्या, पण ती एक कापलेली घाईत टाकली गेली." फ्रीजच्या वर ऊब असते, ती जागा औषधांना चांगली नाही. आम्ही पॅरासिटामॉलची स्ट्रिप पुन्हा पाहिली. गोळ्या कोरड्या, पांढऱ्या, कडा शाबूत, फुगा कुठे फुटलेला नाही. गोळीवर ठिपके, रंग बदललेला, कॅप्सूल एकमेकींना चिकटलेल्या किंवा मऊ झालेल्या दिसल्या तर मुदत बाकी असली तरी त्या वापरायच्या नाहीत.

कोणती गोळी कुणाची होती हेही त्यांनी सांगितलं. ॲझिथ्रोमायसिन मावशीची होती.

उरलेलं आणायचं कसं

आता हिशेब असा होता: आईच्या पार्सलमधून पॅरासिटामॉल आणि ओआरएस वापरता येणार. लेवोसेटिरिझिन ५ आणि साधी पॅन्टोप्राझोल ४० आणावी लागणार. पॅन्टोप्राझोल तर सकाळचीच होती, त्यामुळे घाई फक्त एका गोळीची. मी चिठ्ठी घेऊन खालच्या मेडिकलमध्ये गेलो. पूर्ण स्ट्रिप नको असेल तर मेडिकलवाले कापून देतात. कापताना मुदत छापलेलं टोक आपल्याकडे मागायचं. ते जमत नसेल तर बिल मागायचंच, कारण बिलावर बॅच नंबर आणि मुदत दोन्ही येतात. ते बिल त्या तुकड्याला रबराने बांधून ठेवलं की तारखेचा प्रश्न पुढे उरत नाही. आणि गोळ्या काढताना नेहमी बिनतारखेच्या टोकाकडून काढत जा.

चिठ्ठीतलं नाव दुकानात नसेल आणि मेडिकलवाले दुसऱ्या कंपनीची देत असतील तर घाबरायचं कारण नाही. काउंटरवरच स्ट्रिप उलटी करा आणि घटक, पॉवर ताडून पाहा. ते जुळलं की झालं.

वहीचं पान

रात्रीच्या पानावर आम्ही चार रकाने आखले: वेळ, ताप, काय घेतलं, किती पाणी. ११ वाजता ताप १०१.८, पॅरासिटामॉल ५०० एक, लेवोसेटिरिझिन एक. पहाटे पाचला १००.४, गोळी घेतली नाही, ओआरएस दोन पेले. साडेसातला उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल, आठला मऊ भात आणि मेतकूट. लघवी किती वेळा झाली हेही बाजूला लिहिलं, कारण पाणी पुरतंय की नाही ते त्यावरून कळतं.

या पानाचा उपयोग दुसऱ्या दिवशी झाला. ताप बुधवारीही चढला, तो पुन्हा डॉक्टरांकडे गेला, आणि "किती गोळ्या घेतल्या?" या प्रश्नाला त्याने वही पुढे केली. रक्त तपासलं. डेंग्यूची एनएस१ चाचणी निगेटिव्ह आली, प्लेटलेट ठीक होत्या. तरी डॉक्टरांनी काय पाहत राहायचं ते लिहून दिलं, आणि ते प्रत्येक पावसाळी तापाला लागू आहे: पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, खूप सुस्ती किंवा बेचैनी, हातपाय गार पडणं, लघवी फार कमी होणं. डेंग्यूत ही लक्षणं अनेकदा ताप उतरू लागल्यावर दिसतात, म्हणून ताप गेला की पाहणं थांबवू नका. यातलं एकही दिसलं तर जुळवणी, वही, फोन सगळं सोडून दवाखाना. रात्र असेल आणि उठवत नसेल तर १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

शुक्रवारी त्याचा ताप पूर्ण गेला. बाजूला ठेवलेल्या चार स्ट्रिप्सपैकी कापलेल्या स्ट्रिपमधल्या गोळ्या मी फुग्यांतून काढल्या, वापरलेल्या चहापत्तीत कालवून पिशवीत बांधल्या आणि कचऱ्यात दिल्या, म्हणजे कुणी उचलून घेणार नाही. बाबांची कॅप्सूल, सर्दीची गोळी आणि अंगदुखीची गोळी गणपतीला घरी जाताना तो परत घेऊन गेला. मावशीच्या उरलेल्या दोन गोळ्यांबद्दल त्याने तिला फोन करून विचारलं, कोर्स अर्धवट का सोडलास?

गणपतीहून परतताना काकूंनी त्याच्यासोबत एक डबा दिला. त्यात पॅरासिटामॉल ६५० ची न कापलेली एक स्ट्रिप, मोठ्या ओआरएसच्या चार पुड्या, एक थर्मामीटर आणि मेतकूट. स्ट्रिपला पांढरा दोरा बांधून वहीचा कागद अडकवला होता. त्यावर त्यांच्या अक्षरात औषधाचं मूळ नाव, पॉवर, मुदतीचा महिना, आणि खाली एक ओळ: "घेण्याआधी डॉक्टरांना विचार, मग मला फोन कर."